'हू कॉल्ड रवी?' की 'हू डिड कॉल रवी?' : लेकीचे दोन मार्क गेले, नक्की चूक कोणाची?

ओवीची_आई (कोथरूड) · रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. इंग्रजीच्या चाचणीचा पेपर आज सहीसाठी घरी आला आणि जेवायच्या ताटावर वाद झाला, म्हणून इथं टाकतेय.

प्रश्न असा असतो की वाक्यातला काही भाग अधोरेखित करून देतात आणि तेवढंच उत्तर येईल असा प्रश्न तयार करायचा. वाक्य होतं, 'मीरा कॉल्ड रवी यस्टरडे.' त्याचेच तीन उपप्रश्न. ओवीनं लिहिलं ते असं:

'मीरा' अधोरेखित: 'हू डिड कॉल रवी यस्टरडे?'
'रवी' अधोरेखित: 'हू डिड मीरा कॉल यस्टरडे?'
'यस्टरडे' अधोरेखित: 'व्हेन डिड मीरा कॉल रवी?'

पहिल्यावर लाल फुली, पुढच्या दोन्हींना टिक. खाली आणखी एक वाक्य होतं, 'द हेवी रेन डॅमेज्ड द वॉल', त्यात 'द हेवी रेन' अधोरेखित. हिनं लिहिलं 'व्हॉट डिड डॅमेज द वॉल?' त्यालाही फुली. बाईंनी शेजारी 'हू कॉल्ड' आणि 'व्हॉट डॅमेज्ड' एवढंच लिहून दिलंय.

गंमत म्हणजे क्लासच्या वहीत ठळक अक्षरांत नियम आहे: साधा भूतकाळ असेल तर प्रश्नात डिड घ्या आणि क्रियापदाचं पहिलं रूप लिहा. पोरीनं तो तंतोतंत पाळला. मीही मराठी माध्यमातली, मला हेच शिकवलं होतं. मग दोन ठिकाणी डिड चालतं आणि दोन ठिकाणी का नाही? 'असंच असतं' हे उत्तर मी तिला देऊन बघितलं, तिनं घेतलं नाही.

(इथं रोमन अक्षरं टाइप होत नाहीत, त्यामुळे इंग्रजी देवनागरीत वाचावं लागेल. क्षमस्व.)

सिंहगडरोडवाला · रात्री ९:५२

ताई, अनोळखी नंबरवरून सारखे फोन येत असतील तर परत फोन लावू नका. नंबर ओळखणारं अ‍ॅप टाका, कोणी केला ते नावासकट दिसतं. माझ्या सासऱ्यांना असाच फोन आला होता, वीजबिल थकलंय म्हणून.

ओवीची_आई · रात्री ९:५५

अहो दादा, फोन कोणालाच आलेला नाही. मीरा आणि रवी पेपरातले आहेत.

सिंहगडरोडवाला · रात्री ९:५७

शीर्षक वाचून लिहिलं. चालू द्या. तरी ते वीजबिलाचं लक्षात ठेवा.

हिंजवडीकर · रात्री १०:०५

सोपं आहे. हू आलं की डिड येत नाही. व्हेन, व्हेअर, व्हाय आले की येतं. एवढं पाठ करायला सांगा, आयुष्यभर पुरेल.

ओवीची_आई · रात्री १०:०८

मग दुसऱ्या उत्तराला टिक कशी? 'हू डिड मीरा कॉल' मध्ये हू पण आहे आणि डिड पण.

अप्पा_प्रूफवाले · रात्री १०:१९

कारण तिथं 'हूम' हवं. 'हूम डिड मीरा कॉल यस्टरडे?' हे शुद्ध. तुमच्या बाईंनी तिथंही अर्धा मार्क कापायला हवा होता. आमच्या वेळी कापत. हू म्हणजे कोण, हूम म्हणजे कोणाला. हू असेल तर डिड नाही, हूम असेल तर आहे. अप्पा बळवंत चौकात चाळीस वर्षं गाइडांची प्रुफं तपासली आहेत, हा नियम कधी दगा देत नाही.

मृणाल_द · रात्री १०:४१

अप्पांचा नियम त्यांच्या काळच्या लेखी इंग्रजीत चालेल, पण आता बोलताना आणि बहुतेक लिहितानाही लोक 'हू डिड मीरा कॉल' असंच म्हणतात. त्यामुळे हू की हूम यावर डिडचा निवाडा करता येत नाही. शिवाय 'व्हॉट'चं काय? त्याला कुठं वेगळं रूप आहे? 'व्हॉट डॅमेज्ड द वॉल?' आणि 'व्हॉट डिड द रेन डॅमेज?' दोन्हीकडे व्हॉटच.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. ही चूक दर बॅचला होते, आणि होते ती हुशार विद्यार्थ्यांकडूनच, कारण त्यांनी नियम नीट पाठ केलेला असतो. माझी सांगायची पद्धत अशी.

साधं वाक्य घ्या, 'मीरा कॉल्ड रवी.' आता 'रवी'वर बोट ठेवून तो झाका आणि तिथं हू लिहा. 'मीरा कॉल्ड हू.' हा प्रश्न अजून झाला नाही, कारण इंग्रजीत प्रश्नाचा शब्द पुढं जावा लागतो आणि त्याच्या मागोमाग, कर्त्याच्या आधी, एखादं सहायक क्रियापद लागतं. 'कॉल्ड' या एकट्या शब्दात तसं कोणी नाही. म्हणून बाहेरून डिड आणायचं. ते आलं की भूतकाळ ते स्वतःकडे घेतं आणि 'कॉल्ड'चं परत 'कॉल' होतं. 'हू डिड मीरा कॉल?'

आता 'मीरा' झाका आणि तिथं हू लिहा. 'हू कॉल्ड रवी.' हू आधीच पुढं बसलेला आहे. कुठं हलायचं नाही, कोणाला ओलांडायचं नाही. प्रश्नचिन्ह द्या, झालं. घर बदलायचंच नसेल तर टेम्पो कशाला बोलवायचा? डिड हा तो टेम्पो.

भिंतीचंही तसंच. 'द हेवी रेन' झाकलं, तिथं 'व्हॉट' लिहिलं, 'व्हॉट डॅमेज्ड द वॉल?' तयार.

क्लासचा नियम खोटा नाही, अपुरा आहे. त्यात 'कर्त्याबद्दलच विचारत असाल तर हे सगळं नको' ही ओळ राहिली.

ओवीची_आई · रात्री १०:५०

टेम्पो कळला! ओवी झोपली, सकाळी सांगते.

मराठमोळा_अभि · रात्री ११:१५

एवढं झाकाझाकी कशाला? आपल्या मराठीला विभक्ती आहे, तिचा फायदा घ्या की. इंग्रजी प्रश्न लिहायच्या आधी तोच मनात मराठीत विचारायचा.

रवीला कोणी फोन केला? 'कोणी' आलं, डिड नको: 'हू कॉल्ड रवी?'
मीरानं कोणाला फोन केला? 'कोणाला' आलं, डिड हवं: 'हू डिड मीरा कॉल?'

कोण, कोणी असेल तर नाही, कोणाला असेल तर आहे. इंग्रजांकडे प्रत्यय नाहीत म्हणून त्यांना शब्दांची जागा सांभाळत बसावं लागतं. आपण 'कोणाला' वाक्यात कुठंही ठेवा, अर्थ हलत नाही.

ओवीची_आई · रात्री ११:१८

हे तर फारच झकास. उद्या हेच सांगते तिला.

ओवीची_आई · दुसऱ्या दिवशी, दुपारी ४:२५

अभिदादा, गडबड झाली. सकाळी ओवीला तुमचा कोणी-कोणाला सांगितला, तिला आवडला. मग सरावाला मीच वाक्यं दिली. 'सई गॉट द प्राइझ', सई अधोरेखित. तिनं मनात विचारलं, 'बक्षीस कोणाला मिळालं?' कोणाला आलं, म्हणून लिहिलं 'हू डिड गेट द प्राइझ?' नंतर 'बाबा वॉन्ट्स टी', बाबा अधोरेखित. 'चहा कोणाला हवाय?' परत कोणाला. लिहिलं, 'हू डज वॉन्ट टी?' मृणालताईंच्या झाकण्याप्रमाणे बघितलं तर 'हू गॉट' आणि 'हू वॉन्ट्स' यायला हवं. ना?

मराठमोळा_अभि · दुपारी ४:४०

अरेच्चा. हो. हे डोक्यातच आलं नाही.

मृणाल_द · संध्याकाळी ५:३०

बरोबर, 'हू गॉट द प्राइझ?' आणि 'हू वॉन्ट्स टी?'

अभिची युक्ती मला आवडते, मी ती वापरतेही, पण ती करणे, तोडणे, मारणे, बोलावणे अशा ठिकाणीच चालते, जिथं कोणीतरी काहीतरी करतं. मराठीत माणसाला नुसतं काही होतं, वाटतं, मिळतं, तिथं आपण त्याला 'ला' लावून बाजूला बसवतो. मला आवडलं, तुला समजलं, त्याला दिसलं, तिला माहीत आहे, बाबांना हवं आहे, सईला मिळालं. इंग्रजीत यातली बहुतेक माणसं सरळ कर्त्याच्या खुर्चीत बसतात. त्यामुळे 'कोणाला माहितीये?' याचं 'हू नोज?' होतं आणि 'हे कोणाला आवडलं?' याचं 'हू लाइक्ड धिस?' यादी फार मोठी नाही, पण रोजच्या बोलण्यात नेमकी हीच क्रियापदं येतात.

दुसरा खड्डा 'कोणी'चाच आहे. 'कोणी फोन केला?' आणि 'कोणी फोन केला का?' हे दोन प्रश्न बघा. पहिल्यात फोन आलाय हे ठरलेलं आहे, नाव हवं आहे. 'हू कॉल्ड?' दुसऱ्यात फोन आला की नाही हेच माहीत नाही. 'डिड एनीवन कॉल?' तिथं डिड हवंच, कारण तो हो-नाहीचा प्रश्न आहे आणि 'एनीवन'ला ओलांडून कोणीतरी पुढं जायलाच हवं. माझ्या वर्गातले लोक दुसरा प्रश्न मनात धरून 'हू डिड कॉल?' म्हणतात. ही चूक डिडची नाही, 'का' ऐकू न आल्याची आहे.

आणि तिसरा आपला सगळ्यांचा लाडका: 'कोणाचा फोन होता?' याचं शब्दशः 'हूज फोन वॉज इट?' केलं की समोरचा विचारतो, टेबलावर विसरलेला मोबाइल कोणाचा? त्याला हवं असतं 'हू कॉल्ड?' किंवा 'हू वॉज इट?'

हिंजवडीकर · संध्याकाळी ७:१०

आता माझी कहाणी ऐका, म्हणजे कालच्या माझ्या उत्तराचं प्रायश्चित्त होईल.

दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीत आमच्या सिस्टिममध्ये कोणीतरी एक बदल टाकला आणि सगळं कोसळलं. मी परदेशी क्लायंटला मेल लिहिली, 'हू डिड अप्रूव्ह धिस चेंज?' मला फक्त नाव हवं होतं, फॉर्ममध्ये भरायला. उत्तर आलं ते एकदम थंड. त्यांच्या मॅनेजरनं आमच्या मॅनेजरला मेल टाकून विचारलं की तुमच्या माणसाला नेमकं काय सुचवायचंय. मला आजवर कळलं नव्हतं त्यांना काय झोंबलं. हा धागा वाचताना शंका आली. डिडमुळे असेल का?

मृणाल_द · संध्याकाळी ७:३२

असू शकेल. 'हू डिड कॉल?' हे वाक्य इंग्रजीत नाहीच असं नाही. आहे, पण त्याला विशिष्ट प्रसंग लागतो. समजा घरात फोन येऊन गेलाय. आजी म्हणते मीराचा नव्हता, आत्या म्हणते माझा नव्हता, काका म्हणतो मी तर झोपलो होतो. मग तुम्ही वैतागून विचारता, 'मग फोन केला तरी कोणी?' हा जो 'तरी' आहे ना, तो इंग्रजीत डिड करतो. 'देन हू डिड कॉल?' बोलताना डिडवर जोर येतो आणि आधी कोणीतरी 'मी नाही' म्हटलेलं असतं.

तुमची मेल त्यांनी 'अहो, मग हे मंजूर केलं तरी कोणी?' अशी वाचली असेल. नुसतं नाव विचारायचं तर 'हू अप्रूव्ह्ड धिस चेंज?'

हिंजवडीकर · संध्याकाळी ७:४०

आयला. म्हणजे मी 'तरी' लावून विचारत होतो.

अप्पा_प्रूफवाले · संध्याकाळी ७:५८

एका 'डिड'नं मॅनेजर चिडत नाहीत हो. सिस्टिम पडली म्हणून चिडले असतील.

हिंजवडीकर · रात्री ८:०२

तेही शक्य आहे. पडली होती जोरात.

गणिती_टाळकं · रात्री ८:३०

मृणालताई, तुमच्या झाकण्याच्या युक्तीला एक प्रतिउदाहरण. वाक्य असं असलं तर? 'यस्टरडे मीरा कॉल्ड रवी.' अधोरेखित 'यस्टरडे'. झाकलं, तिथं 'व्हेन' लिहिलं: 'व्हेन मीरा कॉल्ड रवी?' मोकळी जागा पुढंच आहे, कोणाला हलायची गरज नाही. तुमच्या टेम्पोच्या न्यायानं डिड नको. पण डिड तर हवं.

मृणाल_द · रात्री ८:४८

पकडलंत. मी 'आधीच पुढं बसलेला आहे' म्हटलं ते सैल झालं. पुढं बसलेलं असणं पुरत नाही, कर्त्याच्या जागेवर बसलेलं असायला हवं. 'यस्टरडे मीरा कॉल्ड' मध्ये यस्टरडे दारात उभा आहे, खुर्ची मीराचीच. त्यामुळे डिडला मीराच्या आधी यावंच लागतं.

यासाठी दुसरी चाचणी देते, ही जास्त खात्रीची. प्रश्नाचं तुटक उत्तर देऊन बघायचं. 'रवीला कोणी फोन केला?' इंग्रजीत तुटक उत्तर, 'मीरा डिड.' चालतं. 'मीरानं कोणाला केला?' उत्तर 'रवी.' इथं 'रवी डिड' म्हटलं तर अर्थच उलटा होतो, फोन रवीनं केला असा. 'कधी केला?' 'यस्टरडे.' 'यस्टरडे डिड' कोणी म्हणत नाही.

आता गंमत बघा. उत्तरात डिड बसतं, तिथं प्रश्नात नको. उत्तरात बसत नाही, तिथं प्रश्नात हवं. उलटं आहे, म्हणून मुलांच्या लक्षात राहतं. 'सई डिड' चालतं? मग 'हू गॉट द प्राइझ?' 'बाबा डज' चालतं? मग 'हू वॉन्ट्स टी?' 'द रेन डिड' चालतं? मग 'व्हॉट डॅमेज्ड द वॉल?'

मराठीत कोणाला येवो की कोणी, इथं फरक पडत नाही. इंग्रजीतलंच उत्तर बघायचं.

ओवीची_आई · रात्री ९:१५

हे ओवीला सांगितलं तर तिचा लगेच प्रश्न: उत्तरात 'मीरा डिड' आहे तर तेच डिड प्रश्नात टाकलं म्हणून माझं काय चुकलं? मला वाटतं तिची मूळ चूक इथूनच आली असेल. वर्गात उत्तरं 'आय डिड', 'ही डिड' अशीच शिकवतात.

मृणाल_द · रात्री ९:२६

चांगला प्रश्न आहे. तिला सांगा, उत्तरातलं डिड वेगळ्या कामाला आलंय. 'मीरा डिड' म्हणजे 'मीरा कॉल्ड रवी यस्टरडे', पण ते सगळं परत म्हणायचा कंटाळा म्हणून त्याच्या जागी एक डिड. आपण 'मी केला' म्हणून थांबतो तसं. प्रश्नात 'कॉल्ड' स्वतः हजर आहे, त्याला बदली माणूस कशाला?

अप्पा_प्रूफवाले · रात्री ९:५०

मृणालबाई, तुमचं ऐकून घरातलं जुनं बायबल काढलं. इंग्रजी, 1611 सालचं भाषांतर. माझ्याकडं नंतरची छपाई आहे. योहानाच्या अठराव्या अध्यायात 'हूम सीक यी?' आहे. म्हणजे 'तुम्ही कोणाला शोधता?' तिथं डू नाहीच! क्रियापदच उचलून कर्त्याच्या पुढं ठेवलंय. आणि लूकच्या आठव्यात 'हू टच्ड मी?', 'मला कोणी स्पर्श केला?' तेही डिडशिवाय.

आज पहिलं वाक्य 'हूम डू यू सीक?' असं लिहावं लागेल. दुसरं जसंच्या तसं चालतं. हे कसं?

मृणाल_द · रात्री १०:०८

वा अप्पा, याहून चांगली जोडी मला सापडली नसती. त्या काळी साधं क्रियापद स्वतःच उडी मारून कर्त्याच्या आधी जाऊ शकत होतं. 'सीक' गेलं 'यी'च्या पुढं. पुढं इंग्रजीत साध्या क्रियापदांची ती उडी बंद झाली आणि ते काम डू, डज, डिड यांच्याकडे आलं. पण 'हू टच्ड मी?' मध्ये तेव्हाही उडी नव्हती, त्यामुळे बदलायला काही उरलंच नव्हतं.

'हूम' मात्र तुमच्या बाजूनं पडला असं समजू नका. तो त्या काळचा आहे.

अप्पा_प्रूफवाले · रात्री १०:१२

तो समजूनच चुकलोय. पण मी 'हूम' सोडणार नाही.

पीएमटी_प्रवासी · रात्री १०:३०

मी रोज स्वारगेटला उभा असतो. परप्रांतातली मुलं विचारतात, 'व्हिच बस डज गो टू कात्रज?' मी आजवर समजत होतो की ते बरोबर आहे, कारण मीही तसंच सांगायचो. म्हणजे 'व्हिच बस गोज टू कात्रज?' पाहिजे काय?

मृणाल_द · रात्री १०:३८

हो. उत्तर 'धिस वन डज' असं देता येतं, म्हणजे प्रश्नात डज नको. 'व्हिच बस' हे दोन शब्द मिळून कर्ता. आणि 'गोज'चा शेवटचा ज विसरू नका, डज नसल्यामुळे तो क्रियापदालाच लावावा लागतो. पण 'तुम्ही कोणती बस घेता?' विचारायचं तर 'व्हिच बस डू यू टेक?', तिथं कर्ता 'यू' आहे.

'आशाज ब्रदर ब्रोक द विंडो' मध्ये फक्त 'आशाज' अधोरेखित आलं तरी तेच. 'हूज ब्रदर ब्रोक द विंडो?' कर्त्याचा एक तुकडा विचारला तरी कर्ताच. पेपरात हे हमखास टाकतात.

हिंजवडीकर · रात्री १०:५५

ठरलं तर. कर्त्याबद्दल विचारताना डिड कधीच नाही, तो 'तरी'वाला प्रसंग सोडून. आता मात्र माझा नियम बरोबर आहे.

गणिती_टाळकं · रात्री ११:०१

'कोणी फोन केला नाही?' हे कसं विचारणार?

हिंजवडीकर · रात्री ११:०३

'हू नॉट कॉल्ड?' ...नाही. 'हू डिडन्ट कॉल?' छ्या.

मृणाल_द · रात्री ११:१०

'हू डिडन्ट कॉल?' बरोबर आहे, आणि त्यात 'तरी' वगैरे काही नाही. नकार आला की डिड लागतंच, प्रश्न असो नसो. 'मीरा डिडन्ट कॉल' या साध्या विधानातही आहे. 'नॉट'ला बसायला कोणीतरी सहायक लागतो. इथं टेम्पो सामान हलवायला नाही, पाहुण्याला बसवायला आलाय.

म्हणून माझी तुटक उत्तराची चाचणीही नकारात चालत नाही. 'हू डिडन्ट कॉल?' 'मीरा डिडन्ट.' दोन्हीकडे डिडन्ट. ओवीला ही चाचणी फक्त होकारी वाक्यांना लावायला सांगा.

आणि वाक्यात आधीच इज, हॅज, कॅन, विल यांपैकी कोणी असेल तर डिडचा प्रश्नच नाही. 'हू इज कमिंग?' 'हू कॅन स्विम?' तिथं मुलं सहसा चुकत नाहीत, त्यामुळे चूक पेपरात दिसते ती नेमकी साध्या भूतकाळात आणि साध्या वर्तमानकाळात.

मराठमोळा_अभि · रात्री ११:२०

आणि 'तुला काय वाटतं, कोणी फोन केला?' याचं? 'हू डू यू थिंक डिड कॉल?'

मृणाल_द · रात्री ११:२७

'हू डू यू थिंक कॉल्ड?' डू आहे तो 'यू थिंक'साठी. 'कॉल्ड'चा कर्ता हूच, म्हणून तिथं डिड नको. 'डू यू थिंक' क्षणभर काढून टाका, 'हू कॉल्ड' उरतं.

ओवीची_आई · तिसऱ्या दिवशी, सायंकाळी ६:१०

आज शाळेत जाऊन बाईंना भेटले. दोन मार्कांसाठी नव्हते गेले, कुतूहल होतं. बाई म्हणाल्या की वर्गातल्या निम्म्यांनी 'हू डिड कॉल' लिहिलंय, आणि दोघी-तिघींनी तर 'हू डिड कॉल्ड', म्हणजे भूतकाळ दोनदा. मी त्यांना हिंजवडीकरांचा 'तरी' सांगितला आणि विचारलं, मग ओवीचं वाक्य इंग्रजीत असू शकतं तर पूर्ण फुली का? त्या म्हणाल्या, पेपरात आधी कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे 'तरी'ला जागाच नव्हती.

हिंजवडीकर · सायंकाळी ६:२२

मला हे पटत नाही. वाक्य व्याकरणात बसतं ना? मग अर्धा मार्क द्यायला हवा.

मृणाल_द · सायंकाळी ६:४५

मी बाईंच्या बाजूनं. दिलेल्या वाक्याचं उत्तर येईल असा प्रश्न मागितला होता, वेगळ्या प्रसंगातला नव्हे. पण 'हू डिड कॉल्ड' आणि 'हू डिड कॉल' यांना एकच शिक्षा हे मलाही बोचतं.

अप्पा_प्रूफवाले · सायंकाळी ७:००

आणि 'हूम' न लिहिल्याची शिक्षा कोणालाच नाही.

ओवीची_आई · रात्री ८:३०

ओवीनं आज स्वतः दहा वाक्यं केली, नऊ बरोबर. एक चुकलं ते 'समवन स्टोल माय पेन' मधलं 'माय पेन'. घाईत 'व्हॉट स्टोल समवन' लिहिलं, मग स्वतःच हसली, पेननं माणूस चोरला म्हणून. आता तिचा नवा प्रश्न आहे आणि मला उत्तर येत नाही. 'हू इज द मॉनिटर?' यात कर्ता हू की मॉनिटर?

अप्पा_प्रूफवाले · रात्री ८:४१

हू. पुढं बसलाय.

गणिती_टाळकं · रात्री ८:४३

पुढं बसणं पुरत नाही असं कालच ठरलंय ना.

मृणाल_द · रात्री ९:०५

मी मॉनिटर म्हणेन. 'मला माहीत नाही मॉनिटर कोण आहे' हे इंग्रजीत 'आय डोन्ट नो हू द मॉनिटर इज' असं होतं, तिथं मॉनिटर क्रियापदाच्या आधी येतो, कर्त्यासारखा. पण 'आय डोन्ट नो हू इज द मॉनिटर' म्हणणारेही भेटतात, आणि समोर मुलांची रांग उभी असताना 'यातला मॉनिटर कोण?' विचारलं तर हू कर्ता वाटतो. इज असल्यामुळे प्रश्न दोन्हीकडून सारखाच दिसतो.

अप्पा_प्रूफवाले · रात्री ९:१८

दिसला तरी मी हू म्हणतो. उद्या जुनी पुस्तकं काढून बघतो.